अर्जाचा ईमेल : लांबी आणि काटछाट

अर्जाचा ईमेल : नोकरीच्या जाहिरातीला उत्तर म्हणून, बायोडेटा जोडून पाठवलेला ईमेल. त्याचा मजकूर साधारण 70 ते 150 शब्दांचा असावा, असे मानायला हरकत नाही. इंग्रजीत तो 150 च्या जवळ जातो. मराठीत विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दालाच चिकटत असल्याने तेवढाच आशय कमी शब्दांत मावतो. मात्र हा आकडा एका कारणामुळे ठरतो, आणि ते कारण समजले नाही तर आकड्याचा उपयोग नाही. ईमेल वाचणाऱ्याला त्या क्षणी उमेदवाराची निवड करायची नसते. जोडलेली फाइल उघडायची का, आणि ती ज्या विभागात जागा आहे तिथल्या प्रमुखाकडे पुढे पाठवायची का, एवढेच त्याला ठरवायचे असते. या निर्णयाला जेवढे लागते तेवढी ईमेलची लांबी. उरलेला मजकूर दुसऱ्या कुठल्या तरी कागदाचा किंवा पुढच्या टप्प्याचा असतो.

लांबीविषयी आकडेवारी फार थोडी आहे, आणि जी आहे ती जपून वाचावी लागते. जीमेलसोबत वापरायची सुविधा देणाऱ्या बूमरँग या कंपनीने 2016 मध्ये 4 कोटींहून अधिक ईमेल तपासून असे मांडले की 50 ते 125 शब्दांच्या ईमेलना सर्वाधिक उत्तरे येतात. हा निष्कर्ष पुष्कळ ठिकाणी नियम म्हणून सांगितला जातो. पण ते सगळे ईमेल अर्ज नव्हते, आणि लहान ईमेल बहुधा सोप्या कामासाठीच लिहिले जातात, तेव्हा उत्तर लांबीमुळे आले की काम सोपे होते म्हणून, हे त्यातून कळत नाही. त्याच आकडेवारीतला कमी सांगितला जाणारा भाग अधिक बोलका आहे : 125 शब्दांवरून 500 शब्दांवर जाताना उत्तरांचे प्रमाण हळूहळू उतरते, तर 50 शब्दांच्या खाली ते झपाट्याने घसरते. म्हणजे लांबी स्वतः फारशी मारक नाही. ‘बायोडेटा सोबत जोडला आहे, कृपया विचार व्हावा’ एवढ्यावर थांबणारा अर्ज लांबलेल्या अर्जापेक्षाही दुबळा ठरण्याची शक्यता जास्त, कारण फाइल उघडण्याचे कारणच तो देत नाही. लांब ईमेलचा दोष निराळा आहे : कारण असते, पण ते चौथ्या परिच्छेदात असते.

ते तिथे सापडण्याची शक्यता किती, याचा अंदाज दुसऱ्या एका पाहणीवरून बांधता येतो. अमेरिकेतल्या द लॅडर्स या नोकरीविषयक संकेतस्थळाने 2012 मध्ये भरती करणाऱ्यांच्या नजरेचा माग घेतला, तेव्हा बायोडेटावर पहिल्या चाळणीत सरासरी 6 सेकंद जातात असे दिसले. 2018 च्या पाहणीत ते 7.4 सेकंद निघाले. पाहणी बायोडेटाची होती, ईमेलची नव्हे, आणि ती करणाऱ्या कंपनीचा त्या धंद्याशी संबंध होता, हे लक्षात ठेवलेले बरे. तरी त्यातली एक गोष्ट इथे लागू पडते. नजर नाव, सध्याचे आणि आधीचे पद, कंपनी, तारखा आणि शिक्षण यांवरच खिळली होती. ही माहिती बायोडेटात नेमक्या जागी असतेच. तीच ईमेलमध्ये वाक्ये करून पुन्हा लिहिली, तर वाचणाऱ्याला ती वाक्यांतून उकरून काढावी लागते. बहुतेकजण ते करत नाहीत. फाइल उघडतात किंवा पुढच्या ईमेलकडे वळतात.

मराठी माणसाचा अर्ज लांबतो त्याला एक खास कारण आहे, ते म्हणजे शाळेत शिकवलेला औपचारिक पत्राचा साचा. उजवीकडे दिनांक, डावीकडे ‘प्रति’, खाली पत्ता, मग विषय, संदर्भ आणि ‘उपरोक्त विषयास अनुसरून मी अर्ज सादर करतो की’ अशी सुरुवात. कागदावर हे सगळे आवश्यकच होते, कारण टपालाचे पाकीट फेकून दिल्यावर पत्र कोणाचे, कोणाला आणि कधीचे हे सांगणारे दुसरे काही उरत नसे. ईमेलमध्ये प्रेषक, प्राप्तकर्ता, दिनांक आणि विषय यांच्यासाठी स्वतंत्र रकाने आहेत. मजकुरात ते पुन्हा आले की पहिल्या 30-40 शब्दांत नवे काहीच येत नाही. आणि पहिलेच शब्द महाग असतात : फोनवरच्या यादीत पाठवणाऱ्याचे नाव, विषय आणि मजकुराची पहिली ओळ एवढेच बहुधा दिसते. तिथे ‘आपण कुशल असाल अशी आशा आहे’ दिसले तर ती ओळ वाया गेली. काटछाटीची सुरुवात इथून करावी, कारण इथे कापताना काहीच गमवावे लागत नाही.

पुढची काटछाट कशी होते ते एका नमुन्यावरून पाहू. पुण्यातल्या एका मध्यम कंपनीला लेखा सहायक हवा आहे. जाहिरातीत टॅली, जीएसटीची विवरणपत्रे आणि किमान दोन वर्षांचा अनुभव एवढ्या अटी आहेत. नाशिकच्या उमेदवार मुलीचा पहिला मसुदा अडीचशे शब्दांचा होतो. त्यात पत्त्याचा साचा आहे, बी.कॉम.चे वर्ष, टक्केवारी आणि महाविद्यालय आहे. आपण मेहनती, प्रामाणिक आणि संघात काम करणाऱ्या आहोत असे आहे. कंपनी नामांकित असल्याचे कौतुक आहे. लग्नानंतर पुण्यात यायचे असल्याने नोकरी बदलत असल्याचे आहे. पगाराची अपेक्षा आहे. आणि शेवटाकडे, एका उपवाक्यात, पुरवठादारांची बिले जीएसटीआर-2बीशी जुळवण्याचे काम आपल्याकडे असल्याचे आहे.

यातली टक्केवारी आणि महाविद्यालय बायोडेटात आहेतच, ती जातात. मेहनती आणि प्रामाणिक हे शब्द कोणाही अर्जदाराला लावता येतात. ते खोटे असतात असे नाही, पण वाचणाऱ्याला एका अर्जदारापासून दुसरा वेगळा काढायला त्यांची मदत होत नाही. जे वाक्य शेजारच्या अर्जात जसेच्या तसे चालेल, ते कापावे. कंपनीचे कौतुकही याच कसोटीवर पडते. नोकरी बदलण्याचे कौटुंबिक कारण आणि पगार हे मुलाखतीच्या टप्प्याचे विषय आहेत. आधी सांगितले तर फाइल उघडण्यापूर्वीच नकाराला निमित्त मिळते. पण त्या कौटुंबिक वाक्यात वाचणाऱ्याच्या कामाचा एक तुकडा दडला आहे : उमेदवार पुण्यात राहायला येणार आहे. परगावच्या अर्जाबाबत पहिली शंका तीच असते. म्हणून कारण कापावे, तुकडा ठेवावा. काटछाट वाक्यागणिक नव्हे, माहितीगणिक करायची ती यासाठी.

आणि मग ते शेवटचे उपवाक्य. 2बी हे पुरवठादारांनी भरलेल्या विवरणपत्रांवरून तयार होणारे विवरण. 1 जानेवारी 2022 पासून त्यात न दिसणाऱ्या बिलावर कराची वजावट घेता येत नाही. बिल जुळले नाही तर कंपनीला तेवढा कर रोखीने भरावा लागतो. लेखा विभागाच्या प्रमुखाला हे समजावून सांगावे लागत नाही. हे काम कोणी नियमित करते एवढे वाचले की त्याला फाइल उघडावीशी वाटते. जाहिरातीत नुसते ‘विवरणपत्रे’ म्हटले होते, आणि त्यातला त्रासदायक भाग आपण सांभाळतो हे या उमेदवाराला दाखवता येते. हे उपवाक्य वर येते आणि थोडे वाढते. उरतो तो ईमेल असा :

विषय : लेखा सहायक पदासाठी अर्ज (टॅली व जीएसटी, अडीच वर्षे अनुभव)

महोदय/महोदया,
लेखा सहायक पदाच्या आपल्या जाहिरातीनुसार हा अर्ज करीत आहे. नाशिकच्या एका वितरक कंपनीत अडीच वर्षांपासून टॅली प्राइमवर खरेदी-विक्रीच्या नोंदी आणि जीएसटीची मासिक विवरणपत्रे पाहते. पुरवठादारांची बिले जीएसटीआर-2बीशी दर महिन्याला जुळवण्याचे काम माझ्याकडे आहे. न जुळणाऱ्या बिलांचा पाठपुरावा 20 तारखेपूर्वी, म्हणजे 3बी भरण्याआधी, पूर्ण करते.
नोटीस कालावधी 30 दिवसांचा आहे आणि मी पुण्यात राहायला येत आहे. बायोडेटा सोबत जोडला आहे. फोनवर किंवा भेटून बोलण्यासाठी सोयीची वेळ कळवावी.
आपली विश्वासू,
(नाव, फोन क्रमांक)

मजकूर सुमारे 70 शब्दांचा झाला. नोटीस कालावधीचे वाक्य मुद्दाम ठेवले आहे : आपल्याकडे तो 30 पासून 90 दिवसांपर्यंत असू शकतो, आणि जागा लवकर भरायची असेल तर निर्णय त्यावरच फिरतो. फोन क्रमांक बायोडेटात असला तरी इथेही असावा. पुनरुक्तीचा नियम इथे मोडलेला परवडतो, कारण फाइल न उघडताच फोन करणारेही असतात.

इतका आखूड अर्ज उद्धट वाटेल, हा आक्षेप मराठीत विशेष घेतला जातो, आणि तो अगदीच पोकळ नाही. मोठ्यांशी बोलताना थोडी प्रस्तावना करण्याची आपली रीत आहे. पण वरच्या नमुन्यात आदर संबोधनात आहे, ‘आपल्या’मध्ये आहे, ‘कळवावी’ या विध्यर्थात आहे आणि समारोपात आहे. त्याला दहा शब्दही लागलेले नाहीत. उद्धट वाटतो तो ‘पगार किती ते सांगा’ असा ईमेल, आणि तो लांब असला तरी तसाच वाटतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे : ज्याला अनुभवच नाही त्याने काय ठेवायचे? नवख्याचा अर्ज गुणवर्णनाने फुगतो तो याच रिकामेपणामुळे. त्याच्यासाठीही एक पुरावा शोधावा लागतो. अभ्यासक्रमातला प्रकल्प, सीएच्या कार्यालयातली उमेदवारी, घरच्या दुकानाची टॅलीत ठेवलेली वर्षभराची वही यांपैकी काहीही, पण काय केले हे क्रियापदासह सांगता येईल असे. तेवढेही नसेल, तर 60 शब्दांचा साधा अर्ज 200 शब्दांच्या गुणवर्णनापेक्षा बरा; त्यात निदान रिकामेपण उघडे पडत नाही.

काही ठिकाणी मर्यादा खरोखरच वाढते. पीएच.डी.साठी प्राध्यापकाला लिहिताना आपण त्यांचे काम वाचले आहे हे दाखवावे लागते, आणि त्यांच्या एका शोधनिबंधातला नेमका प्रश्न मांडून तो आपल्या कामाशी जोडायला 200 शब्द सहज लागतात. तिथे ‘आपल्या संशोधनाने प्रभावित झालो’ एवढेच लिहून आखूड राहणे हाच दोष. जाहिरातीत अपेक्षित वेतन किंवा विशिष्ट प्रश्नांची उत्तरे मागितली असतील, तर ती द्यायचीच. मागितलेली माहिती वगळणारा अर्ज पहिल्या चाळणीतच बाद होतो. स्वतंत्र कव्हर लेटर मागितले असेल तर ते जोडावे आणि ईमेल तीन-चार ओळींवर आणावा, तेच पत्र दोन्हीकडे चिकटवू नये. शासकीय भरती बहुतांशी ऑनलाइन अर्जप्रणालीतून होते. तिथे लांबी रकान्यांनीच ठरवलेली असते, आणि सोबत वेगळा विनंतीचा ईमेल पाठवल्याने अर्ज पुढे सरकत नाही.

आठवडा-दहा दिवसांत उत्तर न आल्यास पाठवायचा स्मरणाचा ईमेल याहूनही लहान असतो : त्याच ईमेलला जोडून, पदाचे नाव, अर्जाची तारीख आणि नोटीस कालावधीत काही बदल झाला असेल तर तेवढाच. मूळ मजकूर खाली असतोच, तो पुन्हा लिहायचा नसतो.