नाशिक : मूळ पाठ एक, रोमन पाठ पाच

मूळ
नाशिक

पाठभेद
Nassick
Násik, Nasik
Nāśika
Nāśik
Nashik

जुन्या पोथीचा संपादक पाठभेद लावताना आधी एकच प्रश्न विचारतो : हा पाठ कोणी, कशावरून उतरवला? रोमन स्पेलिंगलाही तोच प्रश्न लावावा लागतो. वरच्या पाच ओळी एकाच शहराच्या आहेत, पण त्या एकाच मुळावरून उतरवलेल्या नाहीत. काही कानाने टिपल्या आहेत, तर काही अक्षरावरून घेतल्या आहेत. एक ओळ तर दोन निरनिराळ्या मुळांपासून निघून एकाच रूपाला पोचली आहे. म्हणून ओळीमागून ओळ घेऊ.

नाशिक

प्रथम मूळच पक्के करू. मराठीत शहराचे नाव ‘श’ने लिहितात आणि बोलतातही ‘श’ने. हिंदीत मात्र आजही नासिक असे लिहिले जाते. संस्कृतातले रूप नासिक्य. पांडवलेण्यांतल्या प्राकृत कोरीव लेखांतही हे नाव ‘स’नेच येते, पण तिथल्या प्राकृतात ‘श’ वेगळा लिहीतच नाहीत, त्यामुळे त्या साक्षीला फार वजन देता येत नाही.

मग मराठीत ‘श’ कुठून आला? हा मराठीचा जुना स्वभाव आहे. पुढे इ किंवा ए आला की तद्भव शब्दांतल्या ‘स’चा ‘श’ होतो. सीमेची शीव झाली, सिंदूराचा शेंदूर झाला, सिंचनाच्या घराण्यातले शिंपणे झाले, कपडे शिवणेही तसेच आले. ‘सि’ म्हणताना जीभ टाळूकडे सरकते आणि ‘शि’ होऊन बसते. पंडितांनी संस्कृतातून जसेच्या तसे उचललेले शब्द या फेऱ्यातून सुटले. म्हणून सिंह, सीता, सिद्ध यांचा ‘स’ टिकला. शूर्पणखेच्या कथेतली नासिका, म्हणजे नाक, मराठीत ‘स’नेच राहिली आणि त्या कथेशी जोडलेले गाव मात्र लोकांच्या तोंडी नाशिक झाले. तेव्हा नाशिक हे नासिकचे अशुद्ध रूप नव्हे. ते मराठीने आपल्या नियमाने घडवलेले रूप आहे.

पुढच्या सगळ्या ओळींचा निकाल या एका अक्षरावर अवलंबून आहे.

Nassick

ही ओळ इंग्रज कानाची. लिहिणाऱ्यासमोर देवनागरी अक्षर नव्हते, आवाज होता, आणि तो त्याने आपल्या भाषेच्या सवयीने कागदावर उतरवला. इंग्रजीत दोन स्वरांमधला एकटा s पुष्कळदा ‘झ’सारखा वाचला जातो, तो तसा वाचू नये म्हणून s दुहेरी केला. शेवटच्या ‘क’साठी ck ही तर इंग्रजी शब्दांच्या शेवटची नेहमीची जोडी. पुण्याचे Poona याच कानाचे.

हे स्पेलिंग दूरवर गेले. शरणपूरच्या मिशनरी शाळेत गुलामगिरीतून सोडवलेली आफ्रिकन मुले शिकली आणि इंग्रजी कागदांत त्यांचे नाव ‘नासिक बॉइज’ असे Nassick या स्पेलिंगनेच पडले. डेव्हिड लिव्हिंगस्टनचा देह घेऊन इंग्लंडला पोचलेला जेकब वेनराइट त्यांच्यातलाच. १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबेमधल्या दफनाला तो हजर होता. आफ्रिकेच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्याला आजही ‘Nashik’ने शोधून हे कागद हाती लागत नाहीत. म्हणून या ओळीला अधिकृत स्थान नसले, तरी सूचीतून ती काढून टाकता येत नाही.

Násik, Nasik

इथे थोडे थांबावे लागेल, कारण सर्वांत जास्त गैरसमज या ओळीविषयी आहेत.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विल्यम विल्सन हंटर यांनी कानाचा कारभार बंद करून अक्षराला अक्षर अशी पद्धत सरकारी कामात आणली. तिचा पाया सर विल्यम जोन्स यांनी अठराव्या शतकातच घातला होता. नियम सोपे होते : अ साठी a, आ साठी वर खूण केलेला a, स साठी s, श साठी sh. बॉम्बे, कलकत्ता यांसारखी रूढ झालेली स्पेलिंगे मात्र तशीच ठेवली. याच धाटणीने मुंबई इलाख्याचे गॅझेटिअर छापले गेले आणि १८८३ च्या त्याच्या सोळाव्या खंडावर नाव आले Násik.

आता नियम लावून पाहा. लिहिणाऱ्यासमोर नाशिक असते तर या पद्धतीने Náshik छापले गेले असते. छापले आहे Násik. म्हणजे गॅझेटिअरने धरलेले रूप नासिक होते, मराठी बोलीतले नाशिक नव्हते. पद्धत बरोबर चालली, फक्त तिच्यात घातलेला पाठ वेगळा होता. वरची खूण गळली आणि Nasik उरले.

पण सगळी Nasik या वाटेने आली असे समजू नये. तेच रूप दुसऱ्या वाटेनेही तयार होते. ती चौथ्या ओळीपाशी दिसेल. म्हणूनच Nasik हा अविश्वासू साक्षीदार आहे. त्याच्याकडे पाहून मूळ स होता की श, हे सांगता येत नाही.

यावरून ‘इंग्रजांनी श चा s केला, आपण परत sh करू’ असा सरसकट नियम कोणी काढू नये. त्याच मालिकेतल्या १८८४ च्या खंडावर Sholápur आहे, आणि आज मराठीत आपण सोलापूर लिहितो. तिथे दिशा उलटी आहे. प्रत्येक नावाचे मूळ स्वतंत्रपणेच तपासावे लागते.

Nāśika

ही ग्रंथालयाची ओळ. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या मराठी नोंदींत इतिहास हा शब्द itihāsa असा दिसतो, कारण तिथे लिहिलेल्या प्रत्येक व्यंजनातला अ दाखवतात, उच्चार होवो न होवो. त्या रीतीने नाशिकचे Nāśika होते. सूचीकाराच्या दृष्टीने हे निर्दोष आहे, कारण त्याला रोमनवरून देवनागरी अक्षर न् अक्षर परत उभे करायचे असते. पण हे रस्त्याच्या पाटीवर लावले तर परगावचा माणूस ‘नाशिका’ म्हणेल. मराठीत अंत्य अ लिहितात, बोलत नाहीत. म्हणून शहराच्या अधिकृत रूपात तो घेऊ नये.

Nāśik

२००१ सालच्या आयएसओ १५९१९ या आंतरराष्ट्रीय मानकाची अक्षरे घेतली आणि न बोलला जाणारा अ सोडला की ही ओळ मिळते. तिच्यात आ आणि अ वेगळे राहतात, तसेच श (ś), ष (ṣ), स (s) ही तिन्ही अक्षरेही. अभ्यासाच्या पुस्तकात मी हेच रूप वापरतो.

धोका असा की या ओळीची अचूकता सगळी खुणांवर उभी आहे. पुष्कळ संगणकीय प्रणाली शोध सोपा व्हावा म्हणून अक्षर आणि खूण सुटी करतात आणि खुणा टाकून देतात :

```
ā = a + U+0304
ś = s + U+0301
Nāśik → Nasik
```

म्हणजे अत्यंत काटेकोरपणे ‘श’ने लिहिलेले नाव यंत्रातून ‘स’चे होऊन बाहेर पडले. हीच ती दुसरी वाट. एखाद्या यादीत Nasik दिसले तर ते १८८३ च्या परंपरेतून आले, हिंदी नासिकवरून आले, की परवा खुणा गळून तयार झाले, हे त्या यादीवरून कळत नाही. शेजारची नावे पाहून अंदाज येतो : त्याच यादीत शिर्डी Sirdi झाली असेल तर खुणा गळाल्या असे खुशाल समजावे, कारण तिथे नासिकसारखे ‘स’चे रूढ रूप आड येत नाही.

Nashik

हंटरची पद्धत, खुणांशिवाय, पण मराठी पाठावर चालवलेली. न आणि आ मिळून na, श आणि इ मिळून shi, शेवटी k. महानगरपालिकेच्या नावात हेच स्पेलिंग आहे. खुणा मुळातच नसल्याने गळायला काही नाही, आणि अनोळखी माणसाने वाचले तरी ‘श’ बोलला जातो. नकाशांसाठी भारतीय सर्वेक्षण विभागही हंटर पद्धतच चालवतो, त्यामुळे सरकारी कागदांशी मेळ राहतो.

हिची उणीवही सांगायला हवी. या रूपावरून देवनागरी परत काढता येत नाही. नशिक, नाशिक, नाषिक या तिघांचे रोमन एकच. नाशिकच्या बाबतीत गोंधळ होत नाही, कारण नाव सर्वांना ठाऊक आहे. जळगावच्या बाबतीत होतो. Jalgaon मध्ये ळ हरवला आहे आणि हिंदी पाटीवर त्याचे जलगांव होते. धुळ्याचेही तेच. म्हणून अधिकृत रोमन रूप ठरवले तरी ते एकटे साठवू नये. देवनागरी नाव पहिल्या रकान्यात, मग खुणांसहित रूप, मग पाटीवरचे रूप आणि शेवटी जुनी रूपे, अशी नोंद असावी :

```
नाशिक | Nāśik | Nashik | Nasik, Nassick
```

अधिकृत म्हणजे कोणी ठरवलेले, हेही स्पष्ट असावे. शहराच्या नावात बदल करायचा तर राज्य सरकार प्रस्ताव पाठवते आणि केंद्रीय गृह मंत्रालय १९५३ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रेल्वे, टपाल खाते, सर्वेक्षण विभाग यांची मते घेऊन संमती देते. २०१४ मध्ये कर्नाटकाने Bangalore चे Bengaluru आणि Belgaum चे Belagavi असे बदल याच मार्गाने करून घेतले. अशा संमतीनंतरही संस्थांची नावे आपोआप बदलत नाहीत. शहर Mumbai झाले, उच्च न्यायालय Bombay राहिले.

याचा त्रास सामान्य माणसाला कुठे होतो ते मी घरात पाहिले आहे. माझ्या चुलतभावाच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मगाव Nasik आणि पारपत्राच्या अर्जात Nashik. एका कार्यालयाने दोन्ही एकच गाव असल्याचे प्रतिज्ञापत्र मागितले. दोन्ही कागदांवर देवनागरीत ‘नाशिक’ छापलेले असते तर तो प्रश्न उठलाच नसता.

माझा निर्णय असा. पाटी, नकाशा, अर्ज, संकेतस्थळ इथे Nashik. अभ्यासग्रंथात Nāśik, आणि खुणा छापता येत नसतील तर तिथेही Nashik, Nasik कदापि नव्हे. जुने खरेदीखत, पुस्तकाचे शीर्षक, संस्थेचे नोंदलेले नाव जसे असेल तसेच उतरवावे. त्यातले Nasik सुधारणे म्हणजे दस्तऐवजात हात घालणे. आणि ज्यांच्या हाती गावांच्या याद्या आहेत त्यांनी कोणतेही रोमन रूप लिहिण्याआधी मराठी राजपत्रातले देवनागरी नाव उघडून पाहावे आणि तेच पहिल्या रकान्यात भरावे.