वहीच्या डाव्या समासात

मार्च १९१९. पॅरिसमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन जिथे उतरले आहेत, त्या घरातल्या अभ्यासिकेत तुम्ही उभे आहात. खोलीत विल्सन, ब्रिटनचे लॉइड जॉर्ज, फ्रान्सचे क्लेमांसो आणि इटलीचे ओर्लांदो. क्लेमांसोंना इंग्रजी चांगलं येतं. ओर्लांदोंना ते जमत नाही, फ्रेंचवर त्यांचं भागतं. चौघांच्या जोडीला पाचवा माणूस एकच, पॉल मांतू. हा मुळात इतिहासाचा प्राध्यापक, इंग्लंडच्या औद्योगिक क्रांतीवर ग्रंथ लिहिलेला. सुरुवातीचे काही आठवडे इथे चिटणीससुद्धा नाही.

लॉइड जॉर्ज बोलतात, बोलत राहतात. मांतू कागदावर काहीतरी खरडतो. ते थांबले की तो बोलायला लागतो आणि तेही ‘मी’ म्हणून: “मला हे मान्य नाही.” ‘पंतप्रधान म्हणतात की’ वगैरे काही नाही. वक्त्याचं बोलणं आधी पुरतं ऐकायचं आणि मग दुसऱ्या भाषेत उभं करायचं, हे क्रमवार दुभाषीपण. त्याच्या कागदाकडे डोकावून बघाल तर फारसं काही हाती लागणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मांतू हीच टिपणं समोर घेऊन आदल्या दिवशीची चर्चा टंकलेखिकेला सांगतो. त्यातून तयार झालेला मजकूर १९५५ मध्ये पुस्तकरूपाने छापला जाईल. पण चार ओळींच्या खरडण्यातून दहा मिनिटांचं भाषण परत कसं निघतं, ते शिकवणारं पुस्तक १९१९ मध्ये नाही. ज्याची त्याची पद्धत ज्याची त्याला ठाऊक.

म्हणून आता पुढे सरका. १९५६, जिनिव्हा. मधल्या काळात १९४१ मध्ये इथल्या विद्यापीठात दुभाष्यांची शाळा निघाली आहे. न्यूरेंबर्गच्या खटल्यात कानाला यंत्र लावून, वक्ता बोलत असतानाच भाषांतर करण्याची पद्धत गाजली आहे, आणि संयुक्त राष्ट्रांनीही ती १९४७ मध्ये कायमची स्वीकारली आहे. तरी लहान बैठकांमध्ये, वाटाघाटींमध्ये, जिथे काचेची खोली आणि तारा नाहीत तिथे वही-पेन्सिलच चालते. आणि याच वर्षी झां-फ्रांस्वा रोझां या दुभाषी शिक्षकाचं टिपणांवरचं छोटेखानी पुस्तक आलं आहे. त्यात सात तत्त्वं आहेत आणि चिन्हं जेमतेम वीस. एवढीच का? तर जास्त चिन्हं म्हणजे जास्त आठवावं लागणार, आणि ऐन वेळी डोकं चिन्ह शोधण्यात गुंतलं तर कान बंद पडतात.

आज तुम्हीच दुभाषी आहात. व्यापारविषयक एका समितीची छोटी बैठक. वक्ते फ्रेंचमध्ये बोलणार, तुम्ही इंग्रजीत सांगणार. वहीची बांधणी वरच्या कडेला आहे, म्हणजे पान उलटताना हात अडखळत नाही. पानाच्या एकाच बाजूला लिहायचं. डावीकडे दोन बोटं रुंद समास आखून ठेवा. अक्षरं कुठल्या लिपीत काढता याला महत्त्व नाही. ही वही तुमच्याशिवाय कोणी वाचणार नाही, त्यामुळे देवनागरी चालेल.

गहू पिकवणाऱ्या एका देशाच्या प्रतिनिधी बोलायला लागतात:

“अध्यक्ष महोदय, माझ्या सरकारने मसुदा काळजीपूर्वक वाचला आहे. तीन वर्षांपूर्वी आमची गव्हाची निर्यात दोन लाख चाळीस हजार टनांवरून तीन लाख दहा हजारांवर गेली. मात्र गेल्या वर्षी दुष्काळामुळे ती एक लाख ऐंशी हजारांवर आली. यावरून आमचा जकात कमी करायला विरोध आहे असं कोणी समजू नये. उलट ती कमी व्हायलाच हवी. फक्त मुदत मसुद्यातल्यासारखी तीन वर्षांची नको, किमान पाच वर्षांची हवी.”

त्या थांबेपर्यंत तुमच्या पानावर एवढंच उमटलेलं असतं:

```
        मी □   मसुदा ✓
―――――――――――――――――――
३ व.पू.
        गहू नि.
             ↗ २४०→३१० ह.ट.
पण
        गे.व.
             ↘ १८० ह.ट.
कारण
             दुष्काळ
―――――――――――――――――――
        न विरोध
             जकात ↘
उलट
             हवीच
             ‾‾‾‾
जर
             मुदत ≥ ५ व. (न ३)
―――――――――――――――――――
```

आता यात काय घडलं ते सावकाश बघा. चौकोन म्हणजे देश, ‘मी’सह चौकोन म्हणजे माझं सरकार. बाण वर गेला की वाढ, खाली आला की घट. ‘निर्यात वाढली’, ‘निर्यातीत भर पडली’, ‘निर्यातीने उसळी घेतली’ या तिन्हींना बाण एकच, कारण इथे शब्द टिपायचे नाहीत, म्हणणं टिपायचं आहे. इंग्रजीत कुठलं क्रियापद वापरायचं ते बोलताना ठरेल. विरोध आहे की नाही यासाठी शब्दावर काट मारण्यापेक्षा आधी ‘न’ लिहिलेला बरा; घाईत मारलेली काट नंतर नुसती खाडाखोड वाटते. ‘हवीच’च्या खाली तुम्ही एक रेघ ओढली आहे, ती जोर देण्यासाठी.

ओळी तिरक्या उतरतात, त्याचंही कारण आहे. वर डावीकडे कर्ता, त्याच्या खाली थोडं उजवीकडे क्रिया, आणखी उजवीकडे उरलेलं. नजर पायऱ्या उतरते तसं वाक्य तयार होत जातं. आडव्या ओळीत लिहिलं असतं तर ते वक्त्याचं फ्रेंच वाक्य झालं असतं, आणि तुम्ही त्याच क्रमाने इंग्रजी ओढत बसला असता.

आडव्या रेघा तुकडे पाडतात. तुकडा कुठे पडतो? वक्त्या श्वास घेतात तिथे पडतोच असं नाही. एक मुद्दा पुरा झाला की रेघ. पहिला तुकडा सलामीचा, दुसरा निर्यातीच्या चढउताराचा, तिसरा भूमिकेचा. ही फोड ऐकतानाच करायची असते, लिहून झाल्यावर ती करायला वेळ नसतो. म्हणून हात कानाच्या थोडा मागे ठेवायचा. ‘यावरून आमचा जकात कमी करायला विरोध…’ इतकंच ऐकून ‘विरोध’ लिहून टाकलात तर वाक्याच्या शेवटी बाई उलट्या दिशेला वळलेल्या असतील आणि पानावर मात्र विरोध पक्का बसलेला असेल.

आकडे याला अपवाद. आकडा ऐकला की हातातलं सोडून तो आधी लिहायचा, कारण बाकीचं संदर्भावरून जुळवता येतं, दोनशे चाळीस काही जुळवता येत नाही. त्यातही फ्रेंचमध्ये ऐंशी म्हणजे चार-वीस, आपल्या जुन्या माणसांच्या चार विसांसारखं. आणि नव्वद म्हणजे चार-वीस-दहा. ‘शंभर, चार, वीस’ असं कानावर येत असताना पेन्सिल अर्धा क्षण रोखून धरायची, पुढे ‘दहा’ येतंय का ते बघायचं आणि मगच १८० लिहायचं. आकड्याला लागून एकक हवं. नुसता ३१० पानावर उरला तर तो हजार टनांचा की लाख पोत्यांचा, हे तुमचं पान तुम्हाला सांगणार नाही.

आणि डावा समास. ‘पण’, ‘कारण’, ‘उलट’, ‘जर’. अख्ख्या पानात सर्वांत कमी जागा यांनी घेतली आहे आणि भाषणाचा युक्तिवाद यांच्यातच आहे. हे चार शब्द झाकून पान पुन्हा वाचा: निर्यात घटली, दुष्काळ, विरोध नाही, जकात कमी, पाच वर्षं. माहिती सगळी आहे, फक्त त्या बाईंचं म्हणणं काय ते समजत नाही. त्यांनी होकार दिला आणि त्याला एक अट घातली. ती अट ‘जर’मध्ये आहे.

शेजारी बसलेल्या शिकाऊ मुलाच्या वहीकडे जरा बघा. त्याने तुमच्या तिप्पट लिहिलं आहे. पूर्ण शब्द, सलग ओळी, समास कोरा. मध्येच त्याने बोटीचं एक चित्र काढलं आहे, बहुधा निर्यातीसाठी. पुढच्या ओळीतली तसलीच बोट कशासाठी, ते आता त्याच्याही ध्यानात नाही. ऐनवेळी शोधलेलं चिन्ह असंच दगा देतं. नवं चिन्ह करायचं तर घरी करायचं, हाताला वळण लागेपर्यंत गिरवायचं, मगच बैठकीत आणायचं. असं सगळं लिहून घेणारा दुभाषी बोलायला उभा राहिला की दुखणं कुठे आहे ते लगेच कळतं. मान वहीतून वर निघत नाही आणि वाक्यामागून वाक्य ‘आणि’ने सुरू होतं, कारण जोडणारा दुसरा शब्द पानावर नाहीच.

आता पाळी तुमची. काही शंका असेल तर ती या क्षणी विचारायची. एकदा सुरुवात केली की मध्ये थांबून वक्त्याला प्रश्न करणं बरं दिसत नाही. तुम्हाला एक शंका आहेच: पाच वर्षं ‘किमान’ की ‘साधारण’? तुम्ही हलकेच विचारता, त्या मान हलवतात, ‘किमान’. चिन्ह बरोबर आहे.

पहिला तुकडा एका नजरेत उचला, वहीतून डोळे काढा, समोरच्यांकडे बघून बोला. शेवटचं वाक्य तोंडात असतानाच नजर पुढच्या तुकड्यावर न्या. सांगून झालेल्या तुकड्यावर तिरकी रेघ मारा, म्हणजे नजर चुकून परत तिथे जाणार नाही. वक्त्याला लागला त्यापेक्षा जास्त वेळ तुम्ही घ्यायचा नाही. थोडा कमी लागला तर उत्तम, कारण त्या विचार करत बोलत होत्या, तुमच्याकडे विचार तयार आहे.

तुमचं संपतं. टेबलापलीकडचे इंग्रजी बोलणारे प्रतिनिधी पुढे सरकतात. “जकात कमी करण्याबाबत आपलं एकमत दिसतं, याचा आनंद आहे,” ते म्हणतात. “आमची हरकत आहे ती पाच वर्षांना.” म्हणजे भांडण आता नेमक्या जागी आलं आहे. तुम्ही कोरं पान उलटलेलं असतं, आणि डाव्या समासात ‘पण’ लिहूनही झालेलं असतं.