आरओ भाड्याने घेताय? घर बदलण्याची अट आधी वाचा

सुपे : नोकरीसाठी पुण्यात खोली घेऊन राहणारे अनेक जण पाण्याचा आरओ विकत न घेता महिन्याच्या भाड्याने घेतात. मशीन कंपनीचंच राहतं, आपण अनामत आणि भाडं भरायचं. पण करारात तीन गोष्टी बघाव्या लागतात.

पहिली, सर्व्हिस. वर्षात किती भेटी मोफत आहेत, आणि तक्रारीसाठी आलेली भेट त्यातच धरतात का, हे विचारा. फिल्टर मोफत म्हणजे मेम्ब्रेनसुद्धा का, तेही विचारा. बोअरच्या जड पाण्यावर मेम्ब्रेन लवकर जातो. मशीन बसवताना शुद्ध पाण्याचा टीडीएस लिहून ठेवा. पुढे तो आकडा चढत गेला तर मेम्ब्रेन तपासायला सांगा.

दुसरी, जागा बदलणं. नव्या गावाच्या पिनकोडवर कंपनीची सेवा नसेल तर मशीन हलवता येत नाही. मग योजना मुदतीआधी सोडावी लागते.

तिसरी, सोडण्याचा खर्च. समजा, सुट्या महिन्याचं भाडं ५०० रुपये आणि वर्षाच्या योजनेत ३५० रुपये आहे. पाच महिन्यांनी तुम्ही सुप्याला परत आलात. काही करारांत दिलेली सूट परत घेतात, म्हणजे ५ गुणिले १५० असे ७५० रुपये. मशीन काढायचे ३०० धरले, तर १५०० च्या अनामतीतून हातात ४५० रुपयेच येतात.

मुक्काम पक्का नसेल तर महिन्याची योजनाच बरी. मशीन परत देताना त्याचे फोटो काढा आणि पोच घ्या.