सोनं नामानिराळं का राहतं?

फौजेत पितळेचं बकल रोज घासावं लागे. सोन्याची अंगठी मात्र पिढ्यान्‌पिढ्या तशीच चमकते. याचं नेमकं कारण १९९५ साली डेन्मार्कमध्ये हॅमर आणि नॉर्स्कोव्ह यांनी मांडलं.

धातूत डी-इलेक्ट्रॉनांच्या पातळ्यांचा एक पट्टा असतो. वायूचा अणू पृष्ठभागावर बसू लागला, की त्याच्या पातळ्या या पट्ट्याशी मिसळून दोन जोड्या होतात: खालची बंध जोडणारी, वरची बंध तोडणारी. इलेक्ट्रॉन फर्मी पातळीपर्यंतच भरतात. पट्ट्याचा मध्य तिच्या जवळ असेल, तर तोडणारी जोडी तिच्या वर, रिकामी राहते आणि पकड घट्ट बसते. निकेलमध्ये हा मध्य सुमारे १.३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट खाली आहे, सोन्यात ३.६. म्हणून हायड्रोजनचा रेणू निकेलवर सहज फुटतो, सोन्यावर नाही.

मग तांबं? त्याचाही पट्टा भरलेलाच. पण सोन्याच्या डी-कक्षा अधिक पसरट, त्यामुळे भरलेल्या कक्षा एकमेकींवर चढतात आणि अणू जास्त ढकलला जातो. नुसता मध्य पाहून हे कळत नाही.

गंमत म्हणजे त्याआधीच, १९८७ मध्ये, जपानच्या हारुतांनी ऑक्साइडवर बसवलेल्या सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांवर कार्बन मोनॉक्साइड शून्याखालच्या तापमानात ऑक्सिजनशी संयोग पावतो, हे दाखवलं होतं. कणाच्या कडेवरच्या अणूंना शेजारी कमी, म्हणून पट्टा अरुंद होतो, मध्य वर सरकतो आणि पकड वाढते. सगळं श्रेय मात्र पट्ट्याचं नाही. खालचा ऑक्साइडही कामाला लागतो.