चार्जरमधील धारित्रांची जीर्णता

चार्जरमधील धारित्रांची जीर्णता म्हणजे मोबाईलच्या चार्जरमधील विद्युत अपघटनी धारित्रे कालांतराने सुकत जाणे. पूर्वी जलद चार्जिंग करणारा चार्जर काही वर्षांनी मंद वाटू लागतो, त्यामागील चार्जरच्या आतील कारणांपैकी हे प्रमुख कारण होय. धारित्रालाच व्यवहारात कपॅसिटर म्हणतात.

कार्य

घरातील २३० व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह चार्जरमध्ये प्रथम एकदिश केला जातो. त्यानंतर एक इलेक्ट्रॉनिक स्विच तो सेकंदाला हजारो वेळा तोडतो, आणि लहानशा रोहित्रातून तो सुमारे ५ व्होल्टपर्यंत उतरवला जातो. रोहित्रातून येणारा प्रवाह अखंड नसतो. तो तुटक झोतांच्या स्वरूपात येतो. हे झोत साठवून त्यांची सलग धार करण्याचे काम निर्गम बाजूचे धारित्र करते. गावातील पाण्याच्या टाकीचे काम साधारण असेच असते.

या धारित्रात ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांमध्ये द्रवाने भिजलेला कागद गुंडाळलेला असतो आणि डबीचे तोंड रबरी बुचाने बंद केलेले असते. हा द्रव बुचातून अत्यंत मंद गतीने बाष्परूपाने निसटतो. द्रव कमी झाला की धारित्राची साठवणक्षमता घटते आणि त्याचा अंतर्गत रोध वाढतो. चार्जरच्या बाबतीत यांतील दुसरा बदल अधिक त्रासदायक ठरतो.

चार्जिंग मंदावण्याची प्रक्रिया

५ व्होल्ट व २ अँपिअर, म्हणजे १० वॅटचा चार्जर उदाहरणादाखल घेऊ. त्याच्या धारित्रावर येणारा प्रत्येक झोत ६ अँपिअरचा आणि धारित्राचा अंतर्गत रोध ०.०३ ओहम आहे असे मानले, तर या रोधामुळे दाबात होणारा चढउतार ०.१८ व्होल्टचा असतो व तो मोबाईलला जाणवत नाही. रोध वाढून ०.१५ ओहम झाला की तोच चढउतार ०.९ व्होल्ट होतो. सरासरी दाब ५ व्होल्टच राहतो, परंतु प्रत्येक खळगा त्याच्या बराच खाली जातो.

किती प्रवाह ओढायचा हे चार्जर ठरवत नाही; ते मोबाईलमधील नियंत्रक ठरवतो. येणारा दाब ठरावीक मर्यादेखाली जात असल्याचे आढळले की चार्जरवर अधिक भार पडत आहे असे समजून तो प्रवाह कमी करतो. प्रवाह १ अँपिअरवर आला की झोत लहान होतात व दाब सावरतो. मात्र आता मोबाईलला १० वॅटऐवजी ५ वॅट मिळतात आणि दोन तासांचे काम चार तासांवर जाते. पडद्यावर ‘चार्जिंग सुरू आहे’ हेच दिसत राहत असल्याने दोष लवकर ध्यानात येत नाही.

वाढलेल्या रोधामुळे धारित्र स्वतःही अधिक तापते. उष्णतेने द्रव अधिक वेगाने उडतो व रोध आणखी वाढतो. म्हणून ही घसरण आरंभी नकळत होते आणि शेवटच्या काही महिन्यांत वेग घेते.

प्रवेश बाजूच्या मोठ्या धारित्राचीही अशीच झीज होते. तथापि बहुतेक चार्जर १०० ते २४० व्होल्टपर्यंत चालावेत असे रचलेले असतात, त्यामुळे भारतातील २३० व्होल्टवर त्या झिजेचा परिणाम बराच काळ झाकला जातो.

तापमान व आयुष्य

धारित्राच्या वेष्टनावर ‘१०५° से.’ असे छापलेले असते व उत्पादकाच्या तक्त्यात त्या तापमानाला, उदाहरणार्थ, २,००० तासांचे आयुष्य दिलेले असते. तापमान १० अंशांनी उतरले की आयुष्य सुमारे दुप्पट होते, असा ढोबळ नियम आहे. त्यानुसार ८५ अंशांना ८,००० तास, तर ६५ अंशांना ३२,००० तास मिळतात. उशीखाली किंवा गादीवर ठेवलेला चार्जर लवकर म्हातारा होतो तो यामुळेच. विदर्भातील उन्हाळ्यात खोलीचे तापमान ३० ऐवजी ४० अंश असेल, तर त्या काळापुरता झिजेचा वेग दुप्पट धरावा. हे तास संपले म्हणजे धारित्र बंद पडते असे नव्हे. त्याचे गुणधर्म ठरलेल्या मर्यादेबाहेर जातात, एवढाच त्याचा अर्थ.

काही नव्या चार्जरांत निर्गम बाजूला घन बहुवारिकाची धारित्रे वापरतात. त्यांत सुकण्याजोगा द्रव नसतो. प्रवेश बाजूला मात्र द्रवयुक्त धारित्रेच प्रचलित आहेत.

ओळख

मंद चार्जिंगचा दोष पुष्कळदा केबलचा असतो, कधी मोबाईलच्या जुन्या बॅटरीचा. म्हणून प्रथम केबल बदलावी. नंतर तोच मोबाईल, तीच केबल आणि दुसरा तेवढ्याच वॅटचा चार्जर अशी तुलना करावी. बॅटरी २० ते ४० टक्के भरलेली असताना ही चाचणी घ्यावी, कारण ८० टक्क्यांनंतर निरोगी चार्जरवरही प्रवाह कमी होतो. यूएसबी मापक मध्ये जोडल्यास प्रवाह थेट वाचता येतो.

थंड असताना रोडावलेला प्रवाह चार्जर गरम झाल्यावर दहा-पंधरा मिनिटांत सुधारत असेल, तर धारित्राविषयीचा संशय बळावतो. द्रव तापला की अंतर्गत रोध तात्पुरता घटतो. चार्जिंग चालू असताना स्पर्शपटल भलतीकडेच प्रतिसाद देणे हेही एक लक्षण आहे, मात्र ते इतर कारणांनीही दिसते. जीर्ण धारित्राचा माथा फुगलेला असतो, परंतु तो पाहण्यासाठी चार्जर उघडणे धोक्याचे आहे. प्रवेश बाजूच्या धारित्रात ३०० व्होल्टांहून अधिक दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकू शकतो.