अंगातल्या वाफा आणि थांबलेली चाचणी

समजा, बाळापूरची ३६ वर्षांची बाई. स्तनाच्या कर्करोगासाठी केमो झाली, पाळी थांबली, टॅमॉक्सिफेन सुरू आहे. रात्रभर अंगातून वाफा निघतात. मग इस्ट्रोजेन का देत नाहीत? हेच स्वीडनच्या ‘हॅबिट्स’ चाचणीनं तपासलं. डिसेंबर २००३ मध्ये ती थांबवली, कारण हार्मोनच्या गटात २६ जणींना पुन्हा कर्करोग झाला, तेवढ्याच दुसऱ्या गटात ७ जणींना. स्टॉकहोमच्या जोडचाचणीत मात्र धोका वाढलेला दिसला नाही! हे दोन्ही निबंध शेजारी ठेवून वाचाच.

पर्याय आधीच सापडला होता. २००० साली लोप्रिंझींनी दाखवलं की नैराश्यावरच्या व्हेन्लाफॅक्सिननं, रोज ७५ मिलिग्रॅम, वाफांचा त्रास ६१ टक्के घटतो. नुसत्या खोट्या गोळीनंही २७ टक्के. पण त्याच कामाचं पॅरोक्सेटिन या बाईला नको: टॅमॉक्सिफेनला कामाचं रूप देणारं यकृतातलं एन्झाइम ते अडवतं. म्हणून डॉक्टरला आधी चालू गोळ्यांची यादी दाखवायची.