मेंढीतील पाण्याची पिशवी: सिस्टीसर्कस, सिनुरस की हायडॅटिड?

मेंढी मान कलती धरून एकाच बाजूला गोल फिरत असेल, तर मेंदूत सिनुरस असू शकतो. लिस्टेरिओसिसमध्येही जनावर असेच फिरते, त्यामुळे पशुवैद्यकाकडून तपासणी करून घ्यावी. सिनुरस ही पट्टकृमीची अळी-अवस्था म्हणजे पाण्याने भरलेली पातळ पिशवी. तिच्या आतल्या पडद्यावर पांढऱ्या ठिपक्यांसारखी अनेक डोकी दिसतात.

सिस्टीसर्कसच्या पिशवीत डोके एकच असते. डुकरात आणि गाईत ती मांसात वाढते; मेंढीत मात्र बहुधा यकृतावर किंवा पोटातील चरबीच्या पडद्याला लोंबते. हायडॅटिड यकृतात व फुफ्फुसात होते. तिचे आवरण जाड असते आणि पाण्याच्या तळाशी बऱ्याचदा बारीक वाळूसारखी डोकी बसतात.

मेंढीला या तिन्हींची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून लागतात. असे अवयव कुत्र्याला न टाकता जाळावेत किंवा खोल पुरावेत.